"हे तर लिहिलंय" ऐकल्यावर पुढे काय बोलायचं?

*"डिप्लोमा मेकॅनिकल, तीन नोकऱ्या, मध्ये दहा महिने गॅप. 'रेझ्युमे थोडक्यात सांगा' म्हटलं की मी कागद वाचल्यासारखाच बोलतो. परवा समोरचे म्हणाले, हे तर लिहिलंय. मग सांगायचं तरी काय?" (कुपवाड)*

हे वाक्य मीही ऐकलंय. पहाटेची एसटी धरून सांगलीहून चाकणला गेलो होतो आणि सगळं मिळून चार मिनिटांत बाहेर आलो. त्या चारांतली तीन मी दहावीचे टक्के, बारावी, गाव, वडील शेती करतात, आवड क्रिकेट यात घालवली. ज्या कामासाठी त्यांनी बोलावलं होतं तिथे पोचलो तोवर साहेब घड्याळ बघत होते.

चूक माझीच, पण ती शिकवली आमच्या कॉलेजच्या प्लेसमेंटवाल्यांनी. (नाव घेत नाही.) सगळ्या वर्गाला एकच झेरॉक्स: 'माय सेल्फ अमुक, आय ॲम फ्रॉम तमुक'. पाठ करा, म्हणून दाखवा, पुढचा. शॉपवर काय केलंस हे तिथे कुणी एकदाही विचारलं नाही. पाच वर्षं नोकरी करूनही मी तेच म्हणत होतो. असो.

आधीच सांगतो, मी एचआरचा माणूस नाही. गेली काही वर्षं क्वालिटीसाठी पोरं निवडताना टेबलाच्या पलीकडे बसतो, तेवढाच अनुभव. बँक, आयटीचं मला माहीत नाही.

क्रम तोच ठेवा, जुन्याकडून नव्याकडे. कागदावर नोकऱ्या असतात, पण एकीतून दुसरीत का गेलात ते नसतं. तेच तोंडाने सांगायचं. माझं आता असं असतं: "डिप्लोमानंतर कुपवाडला छोट्या जॉबशॉपमध्ये दोन वर्षं सीएनसी ऑपरेटर होतो. माझेच जॉब क्वालिटीकडून परत यायचे, तेव्हा मोजमापात गोडी लागली, म्हणून मिरज एमआयडीसीत क्वालिटीला गेलो." शिक्षण एका शब्दात उरकलं, टक्के नाहीत. विचारले तर सांगायचे.

इथे मी थांबतो, म्हणजे हे एकच काम सविस्तर सांगतो. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचा ८० मिमी बोअर मशीनवर ओके यायचा आणि संध्याकाळी तपासणीत अंडरसाइज. ऑपरेटर म्हणे गेज खराब, गेजवाले म्हणत ऑपरेटर. मी तोच एक जॉब मशीनवरून काढल्याबरोबर मोजला आणि गार झाल्यावर परत मोजला. दहा अंशांच्या फरकाला ॲल्युमिनियमचा एवढा बोअर साधारण १८ मायक्रॉन आकसतो, आणि आमचा सगळा टॉलरन्स होता ३०. जॉब गार करूनच मोजायचे, असा नियम लावून घेतला आणि भांडण मिटलं. हे सांगायला मिनिटभर लागतं. सगळं बोलणं दोन मिनिटांचं, त्यातलं निम्मं हे एकटंच खातं. बाकीचं भराभर.

थांबायचं कुठे, ते जाहिरात ठरवते. तिच्यात जे काम दोनदा आलंय त्याच्यावर थांबा. हाच मी प्रॉडक्शन सुपरवायझरला गेलो असतो तर बोअर एका वाक्यात आटोपून कुपवाडवर थांबलो असतो: रात्रपाळीला एकट्याने किती मशीन बघितल्या, सेटिंग कोण करायचं. कागद एकच, जोर वेगळा. दोन ठिकाणी जोर दिला तर ऐकणाऱ्याला एकही आठवत नाही, हे मी पलीकडे बसून रोज बघतो.

गॅप त्याच्या जागीच येऊ द्या, शेवटी लपवून नको. "वडिलांच्या ऑपरेशनमुळे आठ महिने घरी होतो, आता ते बरे आहेत." एवढंच, आणि लगेच "आता मोठ्या लाइनवर क्वालिटीच करायची आहे, म्हणून इथे." गॅपवर तीन वाक्यं गेली की पुढचा प्रश्न गॅपवरच येतो.

तयारी म्हणाल तर रेझ्युमे पालथा टाका आणि वहीत पाचच शब्द लिहा. माझे होते: डिप्लोमा, कुपवाड, बोअर, वडील, इथे. मोबाइलवर तीनदा रेकॉर्ड करा. तिन्ही वेळा शब्द न् शब्द तोच आला तर पाठ केलंय. 'कार्यरत होतो', 'जबाबदारी पार पाडली' असं ऐकू आलं तर मनातल्या मनात कागदच वाचताय, कारण कॅन्टीनमध्ये असं कुणी बोलत नाही. प्रत्यक्षात जमलं की नाही, ते त्यांच्या पहिल्या प्रश्नावरून कळतं. तो तुम्ही थांबलात त्याच जागेवर आला तर जमलं.

एक आणखी, इंग्रजीत अडखळत असाल तर सुरुवातीलाच "मराठीत सांगितलं तर चालेल का सर?" विचारा. शॉपफ्लोअरच्या जागांना मला तरी अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.

तुमच्या तीन नोकऱ्या का बदलल्यात, तेवढी वाक्यं इथे टाका, कंपन्यांची नावं वगळून. आणि कुठल्या जागेसाठी जाताय तेही लिहा, त्याशिवाय कुठे थांबायचं ते सांगता येणार नाही.