बाजार थांबला की घाईने ऑर्डर टाकू नका

तुम्ही नवीन आहात, म्हणून आधी हे समजून घ्या. सेन्सेक्स किंवा निफ्टी, जो आधी आदल्या दिवसाच्या बंद पातळीपासून १० टक्के हलेल, त्यावर देशभरातला शेअर व्यवहार थांबतो. दुपारी १ च्या आधी तसं झालं तर ४५ मिनिटं. अडीचनंतर मात्र १० टक्क्यांवर थांबत नाही. पुढचे टप्पे १५ आणि २० टक्क्यांचे, आणि २० ला तो दिवस संपला.

घबराटीत खरेदीदार मागे हटतात, मग विक्रीची प्रत्येक ऑर्डर आणखी खालच्या भावाला जाते. थांब्यात लोकांना बातमी तपासायला आणि ब्रोकरकडे तारण म्हणून ठेवायचे मार्जिनचे पैसे भरायला वेळ मिळतो. नंतर १५ मिनिटांच्या प्री-ओपनमध्ये ऑर्डर एकत्र जमवून एकच भाव ठरतो. माझ्या मते हा भागच सर्वांत मोलाचा, कारण मागणी-पुरवठ्याचं चित्र पुन्हा दिसू लागतं.

पण असा थांबा घसरण रोखेलच असं नाही. १३ मार्च २०२० ला सुरुवातीलाच व्यवहार थांबले, तरी सेन्सेक्स दिवसअखेर १,३२५ अंक वर होता. दहाच दिवसांनी, २३ मार्चला, मात्र थांब्यानंतरही पडझड चालूच राहिली आणि तो सुमारे १३ टक्के खाली बंद झाला.

म्हणून बाजार पुन्हा उघडताना मिळेल त्या भावाला होणारी मार्केट ऑर्डर टाळा, आपला भाव ठरवून लिमिट ऑर्डरच द्या. आणि जुन्या ऑर्डर शिल्लक आहेत का, हे ऑर्डर बुकमध्ये आधी पाहा.