‘स्ववाचक’ कोण आणि ‘पूर्ववाचक’ कोण?

प्रश्न : “१, ११, २१, १२११, १११२२१ ही मालिका स्वतःलाच वाचते असे शिकवणीत सांगितले. तिला ‘स्ववाचक’ म्हणावे का? आणि अशी मालिका ओळखायची कशी?” (एक विद्यार्थिनी, नागपूर)

माझ्या मते येथे ‘स्ववाचक’ हा शब्द नेमका बसत नाही, कारण या क्रमिकेतील कोणतेही पद स्वतःला वाचत नसून आपल्या आधीच्या पदाला वाचते, म्हणजे त्यातील सलग सारख्या अंकांच्या प्रत्येक गटात किती आणि कोणते अंक आहेत हे सांगते. म्हणून मी तिला ‘पूर्ववाचक क्रमिका’ म्हणेन. (पाठ्यपुस्तकांतील ‘क्रमिका’ ही संज्ञा येथे ‘मालिके’पेक्षा काटेकोर आहे.) खरे स्ववाचक पद म्हणजे २२ : त्यात ‘दोन वेळा दोन’ आहेत, म्हणून पुढचे पदही २२च येते.

ही क्रमिका मराठी कानाला थोडी फसवते. २१ला ‘एकवीस’ म्हटले की एकक आधी उच्चारला जातो आणि अंकांचा क्रम उलटतो. ‘दोन एक’ म्हटले तर ते सहज ‘दोनेक’, म्हणजे सुमारे दोन, असे ऐकू येते. आमच्याकडे पत्ते खेळताना म्हणतात तसे ‘दोन एक्के’ म्हणावे, म्हणजे किती आणि काय हे वेगळे राहते. २१मध्ये एक दुर्री आणि एक एक्का आहे, म्हणून १२११. त्यात एक एक्का, एक दुर्री, दोन एक्के, म्हणून १११२२१. आणि त्यात तीन एक्के, दोन दुर्र्या, एक एक्का, म्हणून ३१२२११.

ओळखण्यासाठी उलट वाचावे. १११२२१चे दोन-दोन अंकांचे गट पाडले की ११, १२, २१ मिळतात. ते उलगडले की १, २, ११, म्हणजे आधीचे १२११ परत येते. त्यामुळे पहिले पद सोडून प्रत्येक पदात अंकांची संख्या सम असते. १पासून सुरुवात केली तर ४ कधीच येत नाही, कारण चार सारखे अंक सलग आले तर त्यांत एकाच अंकाचे दोन गट लागून येतात, आणि वाचताना ते एकच गट म्हणून मोजले गेले असते. जॉन कॉनवे यांनी दाखवले की पदाची लांबी पुढेपुढे दर वेळी सुमारे १.३०३५७७ पटीने वाढते. पण पहिल्या पाच-सहा पदांवरून हे प्रमाण दिसत नाही.

मात्र चार पदे पुरत नाहीत. सलग गट न पाहता पूर्ण पदातील मोठा अंक आधी आणि लहान नंतर असे मोजले, तरी १, ११, २१, १२११ हीच पदे येतात. पाचवे मात्र ‘एक दुर्री, तीन एक्के’ म्हणजे १२३१ होते. एका सराव-पुस्तिकेत चारच पदे देऊन पाचवे विचारलेले मी पाहिले आहे, आणि तेथे १२३१ लिहिणाऱ्याचे गुण कापणे मला अन्यायाचे वाटते.