डॉक्टरांना नडगीचं दुखणं लिहिताना

भाऊ, ‘पाय दुखतो’ एवढ्यावर डॉक्टर काय करतील? आधी मागच्या 8 आठवड्यांत दर आठवड्याला किती किलोमीटर पळालात ते लिहा, दुखणं कोणत्या आठवड्यात सुरू झालं तेही. उदाहरणार्थ: ‘पाचव्या आठवड्यापर्यंत 20, सहाव्यात एकदम 32, त्याच आठवड्यात मेहरूण तलावाची माती सोडून डांबरी रस्ता धरला, बूट जुनेच.’

मग नडगीची आतली कड बोटाने दाबत खाली या. वीतभर पट्टा दुखतो आणि पळून पाय गरम झाल्यावर कमी दुखतो, तर बहुधा हाडावरच्या आवरणाला ताण. एकाच बोटाएवढ्या जागी कळ येते, रात्रीही ठणकतं, तर हाडाला बारीक चीर असू शकते; पळणं तिथेच थांबवा. सुरुवातीला एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून ही खूण पत्रात ठळक हवी. पावलाचं दुखणं वेगळं लिहा: टाचेखाली की बोटांमागच्या हाडावर?