बाब, बाबी, बहाई

प्रश्न : जुन्या मराठी पुस्तकात 'इराणातील बाबी लोकांचे बंड' असा उल्लेख वाचला. तळटीपेत 'बाबी म्हणजेच बहाई' असं दिलंय. हे दोन्ही एकच का? आणि 'बाबी' हा शब्द आपल्या 'बाबा'वरून आलाय का?

बाबाला आधी बाजूला ठेवू, त्याचा इथे काही संबंध नाही. मूळ शब्द 'बाब', अरबीत अर्थ दार. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी भूगोलात भेटलेली असते, त्यातला बाब हाच. गंमत म्हणजे हा शब्द आपण रोज वापरतो. 'ही बाब गंभीर आहे' म्हणताना आपण तेच दार उघडत असतो. दारावरून पुस्तकाचं प्रकरण, प्रकरणावरून हिशेबातलं कलम, आणि कलमावरून मुद्दा, असा फारसीच्या वाटेनं तो मराठीत आला. 'बाबत' त्याच घरातला. चौथाईतला राजाचा पाव हिस्सा म्हणजे 'राजबाबती', तीही तिथलीच.

मग इराणातलं हे दार कुठलं? बारा इमाम मानणाऱ्या शिया पंथाची श्रद्धा अशी, की बारावा इमाम हिजरी २६० मध्ये दृष्टिआड झाला आणि एक दिवस 'काइम' म्हणून, म्हणजे उठून उभा राहणारा म्हणून, परत येईल. तो दिसेनासा झाल्यावर सुरुवातीची सत्तर वर्षं चार माणसं एकामागून एक त्याचे निरोप लोकांपर्यंत पोचवत होती. त्यांना 'बाब' म्हणत. इमामापाशी जायचं दार. चौथा वारला आणि दार बंद झालं.

हिजरी १२६० मध्ये या घटनेला हजार चांद्रवर्षं पुरी होत होती. इसवी सनात ते वर्ष १८४४. करबल्यात शेख अहमद अहसाई आणि त्यांच्यानंतर सय्यद काझिम रश्ती यांच्या शिष्यवर्गात इमाम येण्याची ओढ आधीपासूनच होती. रश्ती वारल्यावर त्यांचे काही शिष्य नवा वाटाड्या शोधत निघाले. त्यातले मुल्ला हुसेन बुश्रुई शिराझला पोचले. तिथे २२ मे १८४४ च्या रात्री सय्यद अली मुहम्मद नावाच्या चोविशीतल्या व्यापाऱ्यानं त्यांच्यापुढे आपला दावा मांडला. तो 'बाब' म्हणून ओळखला जाऊ लागला आणि त्याचे अनुयायी 'बाबी'. कोल्हापूरचं कोल्हापुरी व्हावं तसा हा शेवटचा 'ई' आहे.

शब्दाच्या दृष्टीनं खरी मजा पुढे आहे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी 'बाब' म्हणजे इमामाचा पाचवा निरोप्या असाच अर्थ घेतला. दावा धाडसी होता, पण ओळखीच्या चौकटीत बसणारा होता. चार वर्षांत त्यानं ती चौकटच मोडली. १८४८ मध्ये तब्रीझला युवराज नासिरुद्दीनसमोर मुल्लांनी चौकशी केली, तेव्हा त्यानं सांगितलं, की ज्याची हजार वर्षं वाट पाहताय तो काइम मीच. म्हणजे दाराकडे बघत बसलेल्यांना कळलं, की हेच घर आहे. 'बाब' ही पदवी त्यानं दरम्यान मुल्ला हुसेनना देऊन टाकली होती, पण लोकांच्या तोंडून तो बाबच राहिला. त्याच सुमारास तुरुंगात लिहिलेल्या 'बयान' ग्रंथात तर त्यानं शरियतच्या जागी नवे नियम घातले. या ग्रंथाच्या भागांना 'वाहिद' म्हणतात आणि पुऱ्या वाहिदात प्रकरणं एकोणीस, कारण अबजद पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक आकडा धरून, वाहिद या शब्दातल्या अक्षरांची बेरीज १९ होते. आणि त्या प्रकरणांना नाव काय? 'बाब'च.

आता 'बंड'. जुलै १८४८ मध्ये मुल्ला हुसेन खोरासानहून काळे झेंडे घेऊन पश्चिमेकडे निघाले. खोरासानकडून काळे झेंडे येणं ही महदीच्या, म्हणजे याच काइमच्या, आगमनाची जुनी खूण, त्यामुळे पाहणाऱ्याला वेगळं सांगायची गरज नव्हती. सप्टेंबरात शाह मुहम्मद वारला, कारभार ढिला पडला. माझंदरानमध्ये लोकांशी चकमक झाली आणि ही मंडळी शेख तबरसी यांच्या दर्ग्यात शिरली. भोवती तट उभारून काही शे माणसांनी सरकारी फौजेला मे १८४९ पर्यंत झुंजवलं. मुल्ला हुसेन फेब्रुवारीत पडले. शेवटी कुराणावर हात ठेवून अभय देण्यात आलं, आणि उपाशी माणसं बाहेर आल्यावर बहुतेकांना कापून काढण्यात आलं. नैरीझ आणि झंजान इथेही असंच पेटलं. ९ जुलै १८५० रोजी बाबला तब्रीझमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. माझ्या मते या सगळ्याला सरसकट 'बंड' म्हणणं म्हणजे दरबारी बखरीची भाषा उचलणं आहे. तबरसीत काहींच्या मनात धर्मयुद्ध होतं, पण राज्य घ्यायची तयारी दिसत नाही. १८५२ च्या ऑगस्टमध्ये काही बाबींनी शाह नासिरुद्दीनवर गोळ्या झाडल्या, तो मात्र उघड सूडाचा प्रकार होता. शाह वाचला आणि बाबींची भीषण कत्तल झाली. बाबी कवयित्री ताहिरा त्याच वर्षी मारली गेली.

मग बहाई कुठून आले? बयानमध्ये वारंवार एकाचा उल्लेख येतो, 'ज्याला ईश्वर प्रकट करील तो'. बाबनं स्वतःच्या ग्रंथातच पुढच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं म्हणा ना. १८५२ च्या धरपकडीत तेहरानच्या अंधारकोठडीत पडलेले मिर्झा हुसेन अली नूरी पुढच्या वर्षी बगदादला हद्दपार झाले. १८६३ च्या एप्रिलमध्ये, तिथूनही हलवलं जाताना, रिझवान नावाच्या बागेत त्यांनी निकटच्यांना सांगितलं, की तो मी. त्यांची पदवी 'बहाउल्ला', म्हणजे ईश्वराचं तेज. हा 'बहा' अरबी. फारसीत 'बहा' म्हणजे किंमत असा दुसरा शब्द आहे. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात, मूळ वेगळं.

पण एवढ्यानं बाबींचे बहाई झाले नाहीत. ती फूट उस्मानी साम्राज्यातल्या एदिर्ने शहरात पडली, १८६६ च्या सुमारास, दावा उघडपणे मांडल्यावर. त्यांचे सावत्र भाऊ मिर्झा याह्या, म्हणजेच 'सुब्ह-ए-अझल', बाबचे वारस मानले जात. त्यांनी दावा नाकारला. त्यांच्या मागे राहिले ते अझली, बहाउल्लांकडे गेले ते बहाई, आणि हे दुसरे फार मोठ्या संख्येनं. १८६८ मध्ये उस्मानी सरकारनं मिर्झा याह्यांना सायप्रसला आणि बहाउल्लांना पॅलेस्टाइनमधल्या अक्काला पाठवलं. अक्कातच १८७३ च्या सुमारास 'किताब-ए-अकदस' हा स्वतंत्र नियमग्रंथ पुरा झाला. त्यात धर्मयुद्ध नाही, तबरसीचा मार्ग तिथे संपला. बाहेरच्यांनी हे वेगळेपण मान्य करायला आणखी वेळ लागला. १९२५ मध्ये इजिप्तमधल्या एका शरियत न्यायालयानं, बहाई हा इस्लामहून वेगळा धर्म आहे, असा निकाल दिला. हेतू बहाई नवऱ्यांची लग्नं रद्द करण्याचा होता, पण बहाई मंडळींनी तो निकाल आनंदानं मिरवला.

आता तुमची तळटीप. १८६३ पूर्वीच्या घटनेला ती लावली असेल तर चूक, कारण तेव्हा बहाई नव्हतेच. पण पुस्तकात १९०३ च्या यझदमधल्या 'बाबींच्या' हत्याकांडासारखं काही असेल तर ती बरोबर आहे. मेलेले बहाई होते. इराणात लोक त्यांना विसाव्या शतकातही बाबीच म्हणत, आणि त्यात हेटाळणी असे. तेव्हा आधी सन बघा.

आणि जुनागढचे बाबी नवाब किंवा परवीन बाबी यांच्याकडे जाऊ नका. ते पठाणी घराण्याचं नाव आहे, त्याचा या दाराशी संबंध नाही.