फ्रँचायझी मुदतीआधी सोडताना पत्रात काय लिहावं?

"फोंड्यात एका चहा-नाश्त्याच्या ब्रँडची फ्रँचायझी चालवते. करार पाच वर्षांचा आहे, दोन झालीत आणि आता झेपत नाही. तीन महिन्यांची रॉयल्टी थकली आहे. कंपनीचा माणूस म्हणतो, सोडलीत तर उरलेल्या सगळ्या वर्षांची रॉयल्टी भरा, आणि दोन वर्षं चहाचा धंदा करायचा नाही. मला तर याच जागेत स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय. पत्र कसं लिहू?"

ताई, म्हापशाच्या एका गृहस्थांचं प्रकरण तुमच्याशी बरंच जुळतं, म्हणून तेच सविस्तर सांगतो. त्यांचा करारही 60 महिन्यांचा. पहिले 36 महिने लॉक-इन, त्यानंतर 90 दिवसांची नोटीस देऊन बाहेर पडता येईल, असं कलम होतं. रॉयल्टी विक्रीच्या 6 टक्के किंवा महिना किमान 15,000, यातली जास्त असेल ती, वर 18 टक्के जीएसटी. माझ्याकडे आले तेव्हा ऑगस्ट संपत आला होता, म्हणजे करार सुरू होऊन 26 महिने झाले होते. सोबत तीन पानी पत्र लिहून आणलेलं. कंपनीने माल उशिरा पाठवला, जाहिरात केली नाही, पावसात गिऱ्हाईक नाही, अशी मनातली सगळी खंत त्यात होती. मात्र दुकान कोणत्या तारखेला बंद होणार, हेच त्यात नव्हतं.

ती तारीख आधी ठरवावी लागते, कारण रॉयल्टी कुठपर्यंत चालू राहणार, बोर्ड कधी उतरणार आणि बंदी कधीपासून मोजायची हे तिन्ही तिच्यावर अवलंबून असतं. त्यांच्या करारात नोटीस पोचल्याच्या दिवसापासून धरली जात होती. म्हणून पत्र स्पीड पोस्टने आणि करारात दिलेल्या ईमेलवर, दोन्हीकडे पाठवलं. ते 1 सप्टेंबरला पोचलं आणि शेवटचा दिवस 30 नोव्हेंबर ठरला. व्हॉट्सॲपवर कंपनीच्या एरिया मॅनेजरला कळवणं म्हणजे नोटीस नव्हे. माझ्याकडे येणारे बरेच जण इथेच अडकलेले असतात.

आता थकबाकी. जून ते ऑगस्ट त्यांची विक्री पाच लाख, त्यावर 6 टक्के म्हणजे 30,000. आपण एवढंच देणं लागतो, असं ते धरून चालले होते. पण किमान रकमेच्या हिशोबाने तीन महिन्यांचे 45,000, जीएसटी 8,100, असे एकूण 53,100 होत होते. करारात किमान रक्कम मान्य केलेली असताना तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. हा आकडा आम्ही महिनावार तक्त्यासह मान्य केला. डिपॉझिट दोन लाख होतं. 'त्यातून वळते करून घ्या' असं परस्पर लिहू नका. करारात वळतं करण्याचा हक्क बहुधा फक्त कंपनीला असतो, त्यामुळे पत्रात ती विनंती म्हणून यावी.

खरा घोळ उरलेल्या काळाचा होता. नोव्हेंबरनंतर 31 महिने राहत होते, म्हणून कंपनीने 4,65,000 मागितले. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात नुकसानभरपाईचा आकडा लिहिलेला असला तरी तो कमाल मर्यादा ठरतो आणि त्या मर्यादेत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. कलम 73 प्रमाणे नुकसान कमी करण्याचे जे मार्ग हाताशी होते, तेही विचारात घेतात. म्हापशात दुसरा माणूस शोधून आउटलेट देता येत असताना कंपनीने 31 महिने हातावर हात ठेवून बसायचं आणि सगळे पैसे मागायचे, हे चालत नाही. मात्र लॉक-इनचे सात महिने उरले होते, ते आम्ही नाकारले नाहीत. लॉक-इनमध्ये एकतर्फी बाहेर पडणं हा करारभंगच असतो. त्यामुळे 'मी करार रद्द करत आहे' असं न लिहिता परस्पर संमतीने मोकळं करण्याचा प्रस्ताव ठेवला.

पत्र इंग्रजीत गेलं. त्याचा मराठीतला गाभा असा:

"दि. 30 नोव्हेंबर रोजी करार परस्पर संमतीने संपवावा असा माझा प्रस्ताव आहे. ऑगस्टअखेरची थकबाकी सोबतच्या तक्त्याप्रमाणे रु. 53,100 मला मान्य आहे. नोटीस काळातील रॉयल्टी त्या त्या महिन्यात भरेन. लॉक-इनच्या उर्वरित काळाबद्दल वाजवी भरपाईवर चर्चेस तयार आहे. त्यापुढील काळाची मागणी मान्य नाही. 30 नोव्हेंबरला दुकान बंद झाल्यावर आपलं बोधचिन्ह असलेल्या सर्व वस्तू काढून सात दिवसांत फोटोसह कळवीन. माझे सर्व कायदेशीर हक्क अबाधित राखून हे पत्र देत आहे."

बोर्ड उतरवला की काम संपलं, असं त्यांना वाटलं होतं. दर्शनी बोर्ड उतरलाही, पण काचेवरचं स्टिकर, कप, मेनूकार्ड, बिलाच्या मशीनमधलं नाव, गूगल मॅप्सवरची नोंद आणि स्विगी-झोमॅटोवरचं पान तसंच होतं. करार संपल्यावर ब्रँडचं नाव वापरत राहिलात तर ट्रेडमार्क कायदा, 1999 खाली ते उल्लंघन ठरू शकतं, आणि तिथे कंपनीची बाजू भक्कम असते. म्हणून प्रत्येक वस्तूचा आधीचा आणि नंतरचा फोटो घेतला. उरलेले कप मोजून परत पाठवले आणि त्याची पोच घेतली. भिंतीचा ठरावीक रंग बदलायचा खर्च करारात कुणावर टाकलाय तेही बघा. त्यांच्या बाबतीत तो त्यांच्यावरच होता.

स्पर्धाबंदीचं कलम तुम्हाला सगळ्यात जास्त भेडसावतंय. कलम 27 प्रमाणे धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोलाच्या खटल्यात करार चालू असतानाचं असं बंधन टिकतं, असं ठरवलं. करार संपल्यानंतरची सरसकट बंदी मात्र न्यायालयं सहसा टिकू देत नाहीत. तेव्हा 30 नोव्हेंबरच्या आतबाहेर हा सगळा फरक आहे. आमच्या गृहस्थांनी ऑक्टोबरातच भावाच्या नावाने नव्या चहाच्या दुकानाच्या फूड लायसन्सचा अर्ज भरायला घेतला होता. तो मी थांबवला. करार चालू असताना त्याच पत्त्यावरचा असा अर्ज म्हणजे कंपनीच्या हातात आयताच पुरावा. अर्ज डिसेंबरात गेला. कंपनीचा मसाला, प्रिमिक्सचं प्रमाण आणि पुरवठादारांची यादी वापरायची नाही, हे बंधन मात्र करार संपल्यावरही पाळायचं असतं. ते त्यांनी पाळलं. पत्रात बंदी मान्य आहे असंही लिहिलं नाही आणि कलम फालतू आहे असंही नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर कंपनीकडून तडजोडीचा मसुदा आला. त्यात एक साधं दिसणारं वाक्य होतं: दुकानाचं गुडविल कंपनी 10,000 रुपयांना विकत घेत आहे. कलम 27 ला अपवाद आहे तो नेमका याच ठिकाणी. गुडविल विकणाऱ्यावर वाजवी स्थानिक हद्दीत तोच धंदा न करण्याचं बंधन घालता येतं. ते 10,000 घेतले असते तर न टिकणारी बंदी टिकाऊ करायला त्यांनीच मदत केली असती. ते वाक्य काढायला लावलं आणि मगच सही झाली.

शेवटचा हिशोब असा झाला: थकबाकी 53,100, नोटीस काळाचे तीन महिने किमान दरानेच, म्हणजे पुन्हा 53,100, आणि लॉक-इनबद्दल चार महिन्यांच्या रॉयल्टीइतके 60,000. नोटीस काळाचे पैसेही शेवटी कंपनीच्या संमतीने डिपॉझिटमधूनच गेले. दोन लाखांतून हे सगळं वजा जाऊन 33,800 परत मिळाले, सोबत 'यापुढे कोणतीही मागणी नाही' असं कंपनीच्या लेटरहेडवर.

ताई, तुमच्या करारात लॉक-इन किती महिन्यांचा आहे, नोटीस कुठल्या दिवसापासून धरतात आणि वाद झाल्यास लवाद कोणत्या शहरात, ही तीन कलमं आधी काढा. लॉक-इन दोनच वर्षांचा असेल, तर तुम्हाला 60,000 सारखी भरपाई द्यायचं कारणच उरत नाही. थकबाकी आणि नोटीस काळाची रॉयल्टी एवढंच देणं राहील आणि प्रस्तावाऐवजी सरळ नोटीस द्यायची.