५५% लिनन ४५% कॉटन लिहिलेलं कापड नुसत्या लिननपेक्षा मऊ आणि कमी चुरगळणारं असतं का? आणि शिवायच्या आधी धुवायलाच लागतं का?

मऊ, हो. चुरगळणं थोडं कमी, पण थोडंच. आणि धुवायलाच लागतं, यात वादच नाही. मी गेली बरीच वर्षं घरी कुर्ते शिवते आणि "ब्लेंड आहे, आटत नाही" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

नणंदेच्या मुलाचा साखरपुडा होता, घरातल्या सगळ्या पुरुषांना एकसारखे कुर्ते. कापड ताईंनीच आणलं, छान फिक्कट मोतिया रंगाचं, काठावर लिनन कॉटन छापलेलं. मी म्हटलं एक रात्र भिजवून वाळवून द्या, मग कापते. ताई म्हणाल्या वेळ कुठाय गं, आणि दुकानदार म्हणाला नुसतं लिनन आटतं, यात कॉटन आहे म्हणून याला काही होत नाही. मी पावतीवर "कापड न धुता शिवलं" असं लिहून ताईंना दाखवलं आणि शिवलं. साखरपुडा झाला, कुर्ते धुतले गेले, आणि ४२ इंच उंचीचा कुर्ता ४० वर आला. बाह्या मनगटाच्या वर. ताई कुर्ता घेऊन दुकानात गेल्या, मी पण बरोबर, तर ते काका चारचौघांत म्हणतात, वहिनी, कापड आटलं असतं तर छातीत पण घट्ट झालं असतं ना, छातीत तर बरोबर बसतोय, म्हणजे उंची शिवतानाच कमी धरली.

ऐकायला पटतं ना? तिथेच गोम आहे.

ते कापड दोन्ही दिशांनी सारखं नव्हतंच. मी तिथेच उरलेल्या तुकड्यातून एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढला आणि दोन्हींचा पीळ उलगडला. उभ्या धाग्यातून आखूड, मऊ, भुरभुरीत तंतू निघाले, तो कापूस. आडव्यातून लांब, सरळ, जरा चकाकणारे, बोटात ताठ उभे राहणारे तंतू, ते लिनन. असं विणायची रीत जुनीच आहे. कारण लिननचा तंतू जेमतेम दोन-तीन टक्के ताणला जातो आणि तुटतो, कापूस त्याच्या दुपटीपेक्षा जास्त ताणला जातो, त्यामुळे मागावर सतत ओढ बसणारा उभा धागा कापसाचा ठेवतात. दुसरा प्रकार म्हणजे लिननचे तंतू कापसाइतके आखूड करून, दोन्ही एकत्र कातून एकच धागा काढायचा, त्यात उभं-आडवं सारखंच असतं. काठावरच्या ५५/४५ वरून यातलं कुठलं आहे ते कळत नाही, धागा ओढला की लगेच कळतं.

आता आटणं. तंतू स्वतः लांबीला फारसा आटतच नाही, ना कापसाचा ना लिननचा. विणताना आणि फिनिशिंगला कापड उभं ओढलेलं असतं, ते पाण्यात पडलं की सैलावतं. वर भिजलेला धागा फुगतो, आणि आडवा धागा जाड झाला की उभ्याला त्याच्यावरून मोठा वळसा घालायला लागतो, मग कापडाची लांबी कमी होते. म्हणून कॉटन घातलं म्हणजे आटणं थांबलं हे साफ चूक. आटणं ठरतं ते मिलने आधीच आटवून दिलंय की नाही यावर.

घरी येऊन मी न धुतलेल्या तुकड्यावर रंगीत दोऱ्याने ५० सेंटिमीटरचा चौकोन टाचला, भिजवला, न पिळता सावलीत वाळवला, न ओढता इस्त्री केली. उभा भरला ४७.५, आडवा ४९. म्हणजे उंचीत ५ टक्के आणि पन्ह्यात २. ४२ इंचाचे ५ टक्के म्हणजे दोन इंचांच्या वर, बरोबर तेवढाच कुर्ता वर गेला होता. २४ इंचाची बाही सव्वा इंच. आणि ४६ इंचाच्या घेरात २ टक्के म्हणजे इंचभर पण नाही, सैल कुर्त्यात ते कळणार कसं! तुकडा काकांना नेऊन दाखवला, त्यांनी हातात पण घेतला नाही. पण ताईंना पटलं.

मऊपणाचं म्हणाल तर कापूस पहिल्या दिवसापासून मऊ असतो, लिनन हळूहळू होतं. लिननचा तंतू म्हणजे जवसाच्या खोडातल्या बारीक तंतूंची जुडी (आपल्याकडे विदर्भात जवस होतं ते तेलासाठी, कापडाचं फ्रान्स-बेल्जियमकडून येतं), ती जुडी दर धुण्याला थोडी सुटत जाते. दुकानात गालाला लावून मऊ लागलं म्हणून भुलू नका, पुष्कळदा तो सॉफ्टनरचा हात असतो आणि धुण्यात जातो.

सुरकुत्या लिननमुळे जास्त पडतात कारण वाकवलं की तो तंतू परत सरळ होत नाही. कॉटनमुळे घडी जरा बोथट होते, जात नाही. मात्र वर सांगितलेल्या विणीत बसल्यावर पोटापाशी आणि मांडीवर पडणाऱ्या आडव्या चुण्या कापसाच्या धाग्यांना वाकवतात, त्या सौम्य असतात. कपाटात घडीच्या उभ्या रेषा पडतात त्या लिननला मोडतात आणि त्या ठळक दिसतात, म्हणून हे कुर्ते हँगरला लावा आणि कापड दमट असतानाच इस्त्री करा. कापड अंगावर कसं पडतं त्यातही तेच, उंचीत कापसामुळे सरळ खाली येतं आणि आडव्यात लिननच्या ताठपणाने अंगापासून जरा सुटं राहतं, मुंबईच्या मे महिन्यात हेच तर पाहिजे. चुण्यांचा घेरदार ड्रेस मात्र यात फुगून दिसतो, त्याला मुलायम कॉटनच घ्या.

एक राहिलं, गडद रंगात घडीच्या आणि कॉलरच्या कडा लवकर पांढुरक्या होतात, दर वेळी त्याच रेषेवर कडक इस्त्री फिरवू नका. रेडिमेड कपडा शिवून झाल्यावर धुतलेला असेल तर वरचं आटण्याचं पुराण त्याला फारसं लागू नाही. आणि परदेशात ड्रायर वापरत असाल तर कापड कापण्याआधी एकदा ड्रायरमधूनच काढा, नुसत्या भिजवण्याने सगळं आटत नाही.

अडीच मीटर लागणार असेल तर पाव मीटर जास्त घ्या. आणि दुकानदार छातीठोकपणे आटणार नाही म्हणाला तर तेच वाक्य बिलावर लिहून मागा.