पाहुण्यांची यादी कोणाची?

“ताई, पुढच्या महिन्यात मुलाला सात पूर्ण होतायत. त्याच्या वर्गातल्या मुलांचे वाढदिवस हॉलमध्ये होतात, जादूगार येतो. आम्हाला एवढं झेपणार नाही. घरीच केलं तर मुलं कंटाळतील आणि आमच्या मुलाला कमीपणा वाटेल, अशी धास्ती वाटते. काय करू?”

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ही आई आली ती खर्चाचा कागद घेऊनच. हॉल, सजावट, केक, खाणं, खेळ घेणारा माणूस, रिटर्न गिफ्ट. प्रत्येक ओळीवर खाडाखोड होती. केक लहान केलेला, गिफ्ट स्वस्तातलं बघितलेलं, तरी बेरीज आवाक्यात येत नव्हती. सगळ्यात वर लिहिलं होतं ‘मुलं २८’. त्या आकड्याला मात्र तिने हात लावला नव्हता.

मी तिला म्हटलं, खर्च तिथूनच सुरू होतो. अठ्ठावीस मुलं घरात मावत नाहीत म्हणून हॉल. हॉल ओकाबोका दिसतो म्हणून सजावट. एवढी मुलं आवरत नाहीत म्हणून खेळ घेणारा माणूस. मुलं सात-आठच असतील तर या तिन्ही ओळींची गरजच उरत नाही. आणि मग केक लहान करावा लागत नाही.

पुढच्या वेळी मुलगा सोबत आला. वाढदिवसाला काय हवं, असं मी त्याला विचारलं नाही. या वयात त्या प्रश्नाला बहुतेक वेळा नुकतंच कुठेतरी पाहिलेलं उत्तर येतं. मी कागद-पेन्सिल दिली आणि विचारलं, “कोण कोण आलं तर मजा येईल?” त्याने जीभ दातांत धरून सात नावं लिहिली. एक शेजारचा मुलगा, वेगळ्या शाळेतला. मग विचारलं, “मागच्या वेळी ज्या वाढदिवसाला गेला होतास, तिथे काय केलंत?” “आम्ही तिघं टेबलाखाली लपलो, कोणालाच सापडलो नाही!” आणि जादूगार? “होता. पण मला नीट दिसलाच नाही.” आईने माझ्याकडे पाहिलं. अठ्ठावीसची यादी तिची होती, सातांची त्याची.

“पण न बोलावलेल्यांना वाईट वाटलं तर?” हा तिचा प्रश्न रास्त होता. मी यात एक पथ्य सांगते. एक तर सगळा वर्ग बोलवा, नाहीतर निम्म्याहून बरीच कमी मुलं. दोन-तीनच मुलं गाळली तर ते त्यांना लागतं. आमंत्रण वर्गात वाटायचं नाही, पालकांना फोन करायचा. फोनवर तीन गोष्टी बोलून घ्यायच्या: संपण्याची वेळ, कुठल्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे का, आणि पालक थांबणार की सोडून जाणार. वेळ दोन तासांची पुरे, आणि दोन जेवणांच्या मधली, म्हणजे पूर्ण जेवण करावं लागत नाही.

खरी मेहनत खेळांवर घ्यावी लागते. सात वर्षांच्या मुलांना नियम फार प्रिय असतात आणि हरणं फार जड जातं. ‘आउट’ होण्याच्या खेळात जो पहिला बाहेर पडतो, तोच सगळ्यात जास्त वेळ रिकामा बसतो. धक्काबुक्की, रुसवे बहुधा त्या रिकाम्या कोपऱ्यातून सुरू होतात. त्यात वाढदिवसाचा मुलगाच आधी बाद झाला तर रडारड ठरलेली. म्हणून आम्ही संगीतखुर्ची उलटवली. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरायची, गाणं थांबलं की सगळ्यांनी कागदावर उभं राहायचं. प्रत्येक फेरीला एक कागद काढायचा, मूल मात्र एकही काढायचं नाही. शेवटच्या दोन कागदांवर आठही जण एकमेकांना धरून उभे.

दुसरा खेळ खजिन्याच्या शोधाचा. आईने खुणेच्या चिठ्ठ्या छान लांबलचक लिहून आणल्या होत्या. पण या वयात एक मूल झरझर वाचतं, तर दुसरं अजून अक्षरं जुळवत असतं. ज्याला वाचता येत नाही तो सगळ्यांसमोर उघडा पडतो. मग चिठ्ठ्यांऐवजी चित्रं ठरली: खिडकी, चपलांची जागा, उशी. ती मुलानेच काढली. चार जोड्या, प्रत्येक जोडीचा रंग वेगळा, प्रत्येकीला आपल्याच रंगाची पाच चित्रं शोधायची. म्हणजे चपळ मूल सगळंच पटकावू शकत नाही. जोड्या कोणी निवडायच्या नाहीत. चित्राचे दोन तुकडे करून वाटायचे, ज्याचा तुकडा जुळेल तो जोडीदार. शेवटी मिळणारा खजिना हेच रिटर्न गिफ्ट, प्रत्येकाला अगदी एकसारखं.

मुलं एकदम येत नाहीत, त्यामुळे पहिली वीस मिनिटं कागदी मुकुट रंगवण्याची ठेवली. शेवटची वीस मिनिटं मोकळी, टेबलावरून खालपर्यंत चादर सोडून. ती त्याची टेबलाखालची गुहा. फुगे मोजकेच लावा, आणि फुटला की तुकडे लगेच उचला, कारण ते घशात अडकू शकतात, असंही मी बजावलं. आदल्या दिवशी मुलासोबत बसून कुठली खेळणी बाहेर ठेवायची आणि कुठली कपाटात, हे ठरवून घ्यायला लावलं. जीव की प्राण असलेलं खेळणं त्या दिवशी कोणालाही द्यायची सक्ती त्याच्यावर नको.

पैशांबद्दल काय बोलायचं, यावर आई अडली होती. “आपल्याकडे पैसे नाहीत” हे वाक्य या वयाचं मूल वाढदिवसापुरतं ठेवत नाही, त्याला घराचीच काळजी लागते. त्यापेक्षा “यासाठी एवढे पैसे ठेवलेत, त्यात मोठा केक घ्यायचा की मोठा खजिना, तू निवड” असं खरं आणि ठराविक बोलावं. त्याने खजिना निवडला.

वाढदिवसानंतर आई भेटायला आली. खजिन्याचा शोध अर्धा तास चालेल असा आमचा अंदाज होता, तो पंधरा मिनिटांत आटोपला. मग तिने प्रत्येक जोडीला दुसऱ्या जोडीची चित्रं लपवायला सांगितली, आणि तोच खेळ सगळ्यात जास्त रंगला. एका मुलीने विचारलं, “जादूगार कधी येणार?” “आज जादूगार नाही, आज शोध आहे,” असं आईने सरळ सांगितलं. ओशाळली नाही, त्यामुळे मुलगाही ओशाळला नाही.

केकनंतर मात्र त्याचा आवाज चढत गेला, कारण नसताना तो हसत सुटला, आणि चमच्यावरून भांडला. हे लाडावणं नसतं, गोंगाट आणि कौतुक असह्य झाल्याची ती खूण असते. याची कल्पना आधी दिलेली होती. वडील त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले, काही न विचारता शेजारी बसले. थोड्या वेळाने तो आपणहून बाहेर आला आणि चादरीखाली शिरला.

काही मुलांना खरोखरच सगळा वर्ग हवा असतो. मग घराचा हट्ट सोडावा. मोकळं मैदान, दीड तास, फक्त केक आणि पाणी, रिटर्न गिफ्ट नाही, आणि चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस. ही माणसं मिळवायला पैसे लागत नाहीत, काही पालकांना आधीच “तुम्ही थांबाल का?” असं विचारावं लागतं.